‘दक्षिणेकडे जा’ म्हणजे कुठल्या हाताला?

गेल्या पावसाळ्यात वडिलांची शस्त्रक्रिया होती. रात्री साडेदहाच्या सुमारास नर्सने माझ्या हातात रक्ताची मागणी-चिठ्ठी आणि नमुन्याची नळी दिली. ‘रक्तपेढी जवळच आहे, लगेच आणा,’ असे तिने सांगितले. मी रुग्णालयाच्या गेटबाहेर एस. व्ही. रोडवर आलो आणि मोबाइलवर नकाशा उघडला. अंतर ६५० मीटर. पहिली सूचना आली : ‘एस. व्ही. रोडवर दक्षिणेकडे जा.’

पाऊस पडत होता आणि आकाशात काहीच दिसत नव्हते. मी मोबाइल धरून जागेवरच एक गिरकी घेतली. निळ्या ठिपक्यातून निघणारा झोत कधी इकडे फिरे, कधी तिकडे. तो क्षणभर उजवीकडे थांबला तसा मी उजवीकडे निघालो. बऱ्याच वेळाने पडद्याकडे पाहिले, तर राहिलेले अंतर ६५०चे ९०० मीटर झाले होते. परत फिरून रक्त घेऊन यायला वीसेक मिनिटे जास्त लागली. शस्त्रक्रिया सकाळी होती म्हणून निभावले. ती वीस मिनिटे मात्र डोक्यातून जात नाहीत.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. मेट्रोच्या जिन्यातून वर आल्यावर मोबाइल घेऊन जागेवर फिरणारी माणसे आपण रोज पाहतो. अशा वेळी अ‍ॅपला नावे ठेवली जातात : सरळ डावे-उजवे सांगायचे सोडून हे दिशा कसल्या सांगते? माझे मत उलटे आहे. ती पहिली सूचना हा अ‍ॅपचा प्रामाणिकपणा आहे. तुम्ही कुठे आहात हे त्याला माहीत असते, पण तुमचे तोंड कुठे आहे हे खात्रीने माहीत नसते. डावे-उजवे हे तोंडावर अवलंबून असते, दिशा नसते. म्हणून ते खात्रीचे तेवढेच सांगते. उरलेले काम आपले आहे आणि ते आपल्याला यायला हवे.

उपग्रहांकडून मोबाइलला फक्त जागा कळते. मोकळ्या आकाशाखाली तिच्यात साधारण पाच मीटरची चूक असते, उंच इमारतींमध्ये जास्त. तुम्ही चालायला लागलात, की आधीची जागा आणि आताची जागा यांवरून अ‍ॅप तुमची दिशा काढते. म्हणूनच दुसऱ्या सूचनेपासून ते निःशंकपणे ‘डावीकडे वळा’ म्हणू शकते. पण उभ्या माणसाची दिशा अशी निघत नाही. तिथे भिस्त असते ती मोबाइलमधल्या इवल्याशा चुंबकीय संवेदकावर, म्हणजेच होकायंत्रावर. ते पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजते आणि हे क्षेत्र फार क्षीण असते. फ्रीजच्या दारावर लावायचे साधे चुंबकही जवळून त्याच्या शंभरपट जोरदार भरते. लोखंडी गेट, उभ्या गाड्या, जनरेटर, इतकेच काय, मोबाइलच्या कव्हरचे चुंबकी बटणही त्याला चकवते. मी त्या रात्री लोखंडी गेटपाशी, दोन रुग्णवाहिकांच्या मध्ये उभा होतो.

याचे एक जुने उदाहरण मुंबईतच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत असे. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून हे काम खाडीपलीकडे अलिबागला हलवले गेले. तिथली वेधशाळा १९०४ साली सुरू झाली आणि ट्राम १९०७मध्ये धावू लागल्या. शास्त्रज्ञांनी ज्या गडबडीपासून उपकरणे समुद्रापार नेली, त्याहून मोठ्या गडबडीत उभे राहून आपण खिशातल्या होकायंत्राकडून अचूक उत्तराची अपेक्षा करतो.

ते किती गोंधळले आहे, हे अ‍ॅप तुम्हाला दाखवतही असते. ठिपक्यातून निघणारा झोत अरुंद असेल, तर त्याला बऱ्यापैकी खात्री आहे. तो पंख्यासारखा पसरला असेल किंवा भिरभिरत असेल, तर त्याच्यावर पाऊल टाकू नये. मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला की संवेदक थोडा ताळ्यावर येतो, पण शेजारचे लोखंड तिथेच असेल तर पुन्हा बिघडतो.

मग दिशेचे डावे-उजवे कसे करायचे? त्याची किल्ली आपल्या भाषेतच आहे. संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. उगवतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या हाताला जी दिशा येते, तिलाच दक्षिण हे नाव पडले. प्रदक्षिणा म्हणजे देव उजव्या हाताला ठेवून फिरणे. मराठीत आपण ‘उजवी घालणे’ म्हणतो, ते हेच. तेव्हा चार दिशा प्रदक्षिणेच्या क्रमाने पाठ करा : पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर आणि पुन्हा पूर्व. तुमचे तोंड ज्या दिशेला असेल, तिच्या पुढची दिशा उजव्या हाताला असते, आधीची डाव्या हाताला आणि उरलेली पाठीमागे. तोंड उत्तरेला असेल तर पुढची पूर्व, म्हणजे पूर्व उजवीकडे. तोंड पश्चिमेला असेल तर पुढची उत्तर उजवीकडे आणि आधीची दक्षिण डावीकडे. पाठांतर एवढेच.

आता हवी एक खात्रीची दिशा. मुंबईकराला ती फुकट मिळालेली आहे, फक्त तो ती वापरत नाही. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत पश्चिम रेल्वे ढोबळमानाने दक्षिणोत्तर धावते आणि एस. व्ही. रोड तिच्या पश्चिमेला आहे. स्टेशनबाहेर ‘वेस्ट’ला उतरून स्टेशनकडे पाठ केली, की तुमचे तोंड पश्चिमेला असते. म्हणजे उजवीकडे उत्तर, डावीकडे दक्षिण. ‘ईस्ट’ला उतरलात तर बरोबर उलटे.

माझ्या त्या रात्रीचे गणित असे सुटले असते : लोकलचा भोंगा माझ्या पाठीमागून येत होता. रूळ पूर्वेला, म्हणजे पाठ पूर्वेला, म्हणजे तोंड पश्चिमेला. पश्चिमेच्या आधीची दिशा दक्षिण, म्हणून डावीकडे. पाच सेकंदांचे काम होते.

पण हा नियम सगळीकडे आंधळेपणाने लावू नये. डोंबिवलीला रूळ ईशान्येकडे तिरके जातात. तिथली ‘पूर्व’ खरे तर आग्नेयेकडे आहे आणि ‘पश्चिम’ वायव्येकडे. अशा ठिकाणी नावावर न जाता नकाशावर रूळ कसे गेले आहेत ते एकदा पाहावे.

रेल्वे नसलेल्या गावात दिवसा सूर्य आहे. सकाळी सावली पश्चिमेकडे पडते, दुपारी चारनंतर पूर्वेकडे. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सूर्य ठीक पूर्वेपासून पंचवीस अंशांपर्यंत सरकून उगवतो, पण डावे-उजवे ठरवायला एवढी चूक चालते. भर दुपारी साडेबाराच्या आसपास मात्र जपून. हिवाळ्यात तेव्हा सावली सरळ उत्तरेला पडते, पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबई-पुण्यात सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. सावली पायाशी येते आणि काहीच सांगत नाही.

ढगाळ दिवशी किंवा रस्त्यावरच्या उजेडात रात्री इमारतींवरच्या टीव्हीच्या छत्र्या पाहाव्यात. त्यांचे उपग्रह विषुववृत्तावर आणि महाराष्ट्राच्या पूर्वेला स्थिर दिसतात. त्यामुळे राज्यातल्या जवळजवळ सगळ्या घरगुती छत्र्यांचे तोंड ढोबळमानाने आग्नेयेला असते. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, पण वायव्येकडे पाहणारी छत्री तुम्हाला सापडणार नाही. समोरच्या इमारतीवरच्या छत्र्या तुमच्याकडे आणि जराशा तुमच्या डावीकडे तोंड करून असतील, तर तुमचे तोंड पश्चिमेला आहे.

दिशा ठरवली तरी पडताळा घ्यावा. पंचवीस-तीस पावले चाला आणि थांबा. ठिपका निळ्या रेषेवरून पुढे सरकला आणि राहिलेले अंतर कमी झाले, तर ठीक. वाढले, तर लगेच मागे वळा. मी हे तिसाव्या पावलावर पाहिले असते, तर नुकसान एका मिनिटाचे झाले असते. आपण पाहत नाही याचे एक कारण मेंदूत आहे. डोके कुठल्या दिशेला आहे त्यानुसार चेतणाऱ्या पेशी १९८४मध्ये जेम्स रँक यांना उंदरांच्या मेंदूत आढळल्या. पुढच्या प्रयोगांत असे दिसले, की आसपासची ठळक खूण फिरवली, तर या पेशीही तिच्याबरोबर फिरतात. खुणेवरच विसंबणारी ही यंत्रणा आपल्यातही असेल, तर चुकीच्या खुणेवरही ती आपल्याला तितकीच ठाम खात्री देणार. चुकलेला माणूस गोंधळलेला नसतो, तो निश्चिंत असतो.

म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. अ‍ॅपची पहिली सूचना दिशेत असू द्यावी, पण तिच्या जोडीला डोळ्यांना दिसणारी खूण द्यावी : ‘रेल्वेकडे पाठ करून डावीकडे.’ आणि अ‍ॅप ते करेपर्यंत आपण करावे. वयस्कर मावशीला नुसते लोकेशन पाठवून मोकळे होऊ नये, खाली एक ओळ लिहावी : ‘स्टेशनकडे पाठ करा, उजव्या हाताला या.’ रुग्णालयांनी तर रक्ताच्या मागणी-चिठ्ठीवर ही ओळ छापूनच घ्यावी. ती घेऊन धावणाऱ्या माणसाचे डोके त्या वेळी ठिकाणावर नसते.

त्या रात्री परतल्यावर गेटवरच्या सुरक्षारक्षकाने मला विचारले, ‘उजवीकडे गेला होता ना, साहेब? रोज एक-दोन जण जातात.’ मी म्हटले, ‘मग दादा, हाक का नाही मारलीत?’ तो म्हणाला, ‘तुम्ही मोबाइल बघत होता. मला वाटले, त्याला माहीत असेल.’