कायदा आणि आपण: एफआयआरमध्ये नाव आले म्हणजे दोषी ठरले का?

एका भगिनीचे पत्र आले आहे. शेताच्या बांधावरून काठ्यांनी मारामारी झाली. जखमी शेजाऱ्याने दिलेल्या फिर्यादीत त्यांच्या धाकट्या दिराचेही नाव आहे. दीर त्या दिवशी पुण्यात कामावर होता. आता मंगनीसाठी आलेले पाहुणे म्हणतात, "मुलगा गुन्हेगार निघाला."

ताई, एफआयआर म्हणजे फिर्यादीने सांगितलेली हकीगत. तिच्यावरून तपास सुरू होतो: जागेचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, जखमांचा दाखला. हकीगत खरी की खोटी, हे नोंद करताना ठरत नाही. नाव आले म्हणून अटक झालीच पाहिजे, असेही नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर पोलीस हजर राहण्याची नोटीस देतात. ती टाळू नका. टाळली तर अटक होऊ शकते.

दिराने हजेरीची नोंद आणि सोबत काम करणाऱ्यांची नावे लेखी अर्जासह तपास अधिकाऱ्याला द्यावीत आणि आपल्या प्रतीवर पोहोच घ्यावी. पुरावा नसेल तर दोषारोपपत्रातून नाव वगळले जाऊ शकते. नाव राहिले तरी गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकारी पक्षावरच असते. त्यासाठी नुसती एफआयआर पुरत नाही. साक्षीदारांना कोर्टात शपथेवर सांगावे लागते आणि उलटतपासणीला उत्तर द्यावे लागते.

पाहुण्यांपासून गुन्ह्याची नोंद लपवू नका. आरोप आहे, निकाल झालेला नाही, असे सांगा आणि अर्जाची पोहोच दाखवा.