सगळे टप्प्याने घेतात, मग राज्य सरकारलाच पहिल्या दिवशी पूर्ण पैसे का?

पुण्यात बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्या. बिल्डर स्लॅबप्रमाणे पैसे मागतो. बँक कर्ज टप्प्याटप्प्याने सोडते. जीएसटीसुद्धा प्रत्येक हप्त्याबरोबर जातो. फक्त राज्य सरकारला मुद्रांक शुल्क पूर्ण किमतीवर आणि करारनाम्याच्या वेळीच हवं. जागेवर नुसता खड्डा असला तरी!

टाळायची सोयही नाही. १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी करारनामा नोंदवायचा, असा रेरा कायदा आहे. तो आपल्या भल्याचाच. पण नोंदणी झाल्याशिवाय बँकही पैसे सोडत नाही. म्हणजे शुल्क आधी, कर्ज नंतर.

आता हिशेब बघा. फ्लॅट ५० लाखांचा. एलबीटी आणि मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी फी ३० हजार. झाले ३ लाख ८० हजार. बँक ८० टक्के, म्हणजे ४० लाख देईल. पण हा खर्च ती घराच्या किमतीत धरत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे, सवलत फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना. म्हणून खिशातून १० नाही, १३ लाख ८० हजार काढायचे. जीएसटी वेगळाच.

मग कुणीतरी सुचवतं, "पर्सनल लोन काढा ना!" १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ८,८४० रुपये. ४० लाखांचा, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ३४,७००. कर्ज पूर्ण सुटलं की महिन्याला साडेत्रेचाळीस हजार. त्यात घरभाडं चालूच!

खरी मेख पुढे आहे. गृहकर्ज मंजूर होण्याआधी पर्सनल लोन घेतलं, तर बँक तो हप्ता तुमच्या ऐपतीतून वजा करते. ८,८४० रुपयांत २० वर्षांचं १० लाखांचं गृहकर्ज बसतं. पगार काठावर असेल तर ३ लाख ८० हजारांपायी १० लाखांचं कर्ज हुकतं.

नंतर टॉप-अप घ्यावं? गृहकर्जाच्याच दराने मिळालं तरी हप्ता ३,३०० होतो, पण २० वर्षांत व्याज चार लाखांच्या वर जातं. पर्सनल लोनचं व्याज दीड लाख. हप्ता हलका, शुल्क मात्र दुपटीहून महाग.

सरकार म्हणेल, शुल्क दस्तावर आहे, घरावर नाही. ठीक. पण कायदा विधिमंडळच करतं ना? माझी मागणी शुल्क माफीची नाही. करारनाम्याला ठरावीक भाग घ्या, उरलेला ताब्याच्या वेळी. बिल्डरला थांबता येतं, तर सरकारला का नाही?

तोवर बुकिंगचा चेक फाडण्याआधी एकच विचारा: कर्ज सोडून माझ्या खिशातून एकूण किती, आणि कोणत्या तारखेला?