कॉल संपला, काम नाही!

कॉल सेंटरमध्ये ग्राहकाने फोन ठेवला की एजंटच्या स्क्रीनवर रॅप-अपचं घड्याळ पळायला लागतं. कुठे तीस सेकंद, कुठे साठ. तेवढ्यात कोड निवडायचा, नोंद लिहायची आणि पुढच्या कॉलला तयार व्हायचं. हा वेळही 'एएचटी'त, म्हणजे एका कॉलमागे लागणाऱ्या सरासरी वेळेत मोजला जातो. त्यामुळे टीएलचा दट्ट्या पडला की पहिली कात्री इथेच लागते.

समजा, ठाण्यातल्या एका ग्राहकाचं नेट दोन दिवस बंद आहे. तुम्ही राउटर बंद-चालू करून घेतला, लाल दिवा गेला नाही, म्हणून उद्या ११ ते १ तंत्रज्ञाची भेट ठरवली. आता घाईत 'भेट ठरली, काम बाकी' याऐवजी यादीत वर दिसणारा 'तक्रार सुटली' हा कोड दाबला आणि लिहिलं, 'नेट बंद, सांगितलं, ओके.' वाचले २५ सेकंद.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आलाच नाही. बाकी कामांच्या यादीत ही तक्रार नव्हतीच, मग पाठपुरावा कोण करणार? ग्राहक दुपारी पुन्हा फोन करतो. नव्या एजंटला 'सुटली' दिसतं, म्हणून तो पुन्हा राउटरपासून सुरुवात करतो. ग्राहक भडकतो आणि सहा मिनिटं जातात. २५ सेकंद वाचवायला ३६० खर्च झाले, आणि शिव्या खाल्ल्या भलत्यानेच.

नोंद कशी हवी? 'दोन दिवस नेट बंद. राउटर बंद-चालू केला, लाल दिवा कायम. तंत्रज्ञ उद्या ११ ते १. येण्याआधी फोन करू असं सांगितलंय.' काय झालं, काय केलं, काय कबूल केलं आणि कधीपर्यंत, एवढंच. हे कॉल चालू असतानाच टाइप करा आणि शेवटी ग्राहकाला वाचून दाखवा. चूक असेल तर तोच सांगेल. मग रॅप-अपला उरतो फक्त कोड. तो निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: कुणाचं काही करायचं राहिलंय का? राहिलं असेल, तर 'सुटली' नाही.

पण सगळा भार एजंटवर टाकून चालणार नाही. जेनेसिस क्लाउडसारख्या प्रणालीत ठरलेला वेळ संपला, की कोडच्या जागी आपोआप ININ-WRAP-UP-TIMEOUT पडतं. एका टीममध्ये हे वारंवार दिसत असेल, तर पोरं आळशी आहेत असं लगेच ठरवू नका. वेळ अपुरा असेल किंवा यादी नको तितकी लांब असेल. सगळेच 'इतर' दाबत असतील, तर हवा तो कोड यादीतच नसेल. टीएलनी एएचटीच्या शेजारी पुन्हा येणाऱ्या कॉलचा आकडाही मांडावा. मग कळेल, ते २५ सेकंद खरंच वाचले का.