वहीखाते : परतावा आणि त्यावरील व्याज

रावेरच्या एका केळी व्यापारी पेढीचे उदाहरण घेऊ. पेढीने अग्रिम कर गरजेपेक्षा 40,000 रुपये अधिक भरला. ही रक्कम 31 मार्चच्या ताळेबंदात ‘आयकर परतावा येणे’ म्हणून मालमत्तेच्या बाजूस आली. विवरणपत्र मुदतीत सादर झाले आणि ऑगस्टमध्ये बँकेत 41,000 रुपये जमा झाले.

वरचे 1,000 रुपये हे व्याज होय. आयकर कायद्याप्रमाणे ते दरमहा अर्धा टक्का मिळते. एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांचे अडीच टक्के झाले. मात्र परतावा ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असल्यास हे व्याज मिळत नाही.

नोंद अशी करावी : बँक खाते नावे 41,000, आयकर परतावा येणे खाते जमा 40,000, परताव्यावरील व्याज खाते जमा 1,000.

सारी रक्कम येणे खात्यात जमा केली, तर तेथे 1,000 रुपयांची उलटी बाकी राहते आणि उत्पन्न दडते. सारी उत्पन्नात धरली, तर मिळालेले येणे वहीत तसेच उरते आणि आपल्याच पैशावर पुन्हा कर पडतो.

विभागाच्या सूचनापत्रात व्याजाचा आकडा वेगळा दिलेला असतो; तोच घ्यावा. परत आलेला कर उत्पन्न नव्हे, परंतु व्याज मिळालेल्या वर्षी ‘इतर उत्पन्ना’त करपात्र आहे. ते वार्षिक माहिती विवरणातही दिसते. म्हणून वही आणि विवरणपत्र जुळलेच पाहिजे.