ओपन हाऊसचं कॅप्शन वाचताना: वेळ, पद्धत आणि बुकिंग

आई-बाबांनो, पूजेची सुट्टी संपली की कोलकात्यात प्रीस्कूलच्या ओपन हाऊसच्या पोस्ट फोनवर यायला लागतात. फोटोत रंगीत भिंती असतात, घसरगुंडी असते आणि खाली साधारण असं कॅप्शन असतं: 'ओपन हाऊस, शनिवार, सकाळी १० ते १. मॉंटेसरी पद्धत, खेळातून शिक्षण. जागा मर्यादित, भेटीसाठी व्हॉट्सॲप करा.'

इतक्याशा मजकुरात वेळ, शिकवण्याची पद्धत आणि बुकिंग या तिन्ही गोष्टी आल्या. आज या तिन्ही नीट वाचूया, कारण तीन वर्षांचं मूल घरी येऊन 'आज शाळेत काय झालं' हे धड सांगू शकत नाही. तुम्हाला जे कळायचं आहे, ते बरंचसं या भेटीतच कळणार आहे.

वेळ: शनिवार की मंगळवार?

शनिवारी बहुतेक प्रीस्कूलचे वर्ग भरत नाहीत. म्हणजे तुम्हाला दिसते ती आवरलेली, सजवलेली खोली. खेळणी जागच्या जागी, टीचर हसतमुख आणि मुलं मात्र नाहीत. खोली बघायला हे ठीक आहे, शाळा बघायला नाही.

म्हणून शनिवारी जाऊन या, पण सोबत एक दुसरी वेळही मागा. आठवड्यातला कुठलाही शाळेचा दिवस, वर्ग सुरू असताना १५-२० मिनिटं. काही शाळा सुरक्षिततेसाठी पालकांना वर्गात घेत नाहीत, ते योग्यच आहे. मग दारातून किंवा खिडकीतून बघू द्याल का, असं विचारा. सत्राच्या पहिल्या महिन्यात नवी मुलं रडतच असतात, त्यावरून शाळेबद्दल मत बनवू नका. पूजेनंतरचा काळ बरा असतो, कारण तोपर्यंत वर्ग रुळलेला असतो.

पालकांच्या भेटीसाठी शाळेचा एकही नेहमीचा दिवस मिळत नसेल, खिडकीतूनही नाही, तर ते लक्षात ठेवा.

पद्धत: 'मॉंटेसरी' शब्दामागे काय आहे?

मारिया मॉंटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्यांचं नाव आपल्याकडे इतकं रुळलं, की आज कुठल्याही बालवाडीच्या पाटीवर ते दिसतं. हे नाव लावायला कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे पाटीवरून काही कळत नाही. खोलीत गेल्यावर मात्र कळतं.

एक उदाहरण घ्या. मॉंटेसरी वर्गात लाकडाचा एक लांबट ठोकळा असतो. त्यात १० खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत बसणारी, वर मूठ असलेली एक लाकडी दट्टी. मूल सगळ्या दट्ट्या बाहेर काढतं, मिसळतं आणि पुन्हा बसवतं. एखादी बारीक दट्टी मोठ्या खाचेत गेली, तर शेवटी एक जाड दट्टी हातात उरते आणि ती कुठेच बसत नाही. 'चुकलं' असं कुणी सांगावं लागत नाही. मूल स्वतःच थांबतं, बघतं आणि पुन्हा लावतं.

पद्धतीचा गाभा हाच आहे. म्हणून भेटीत एकच गोष्ट बघा: मुलाची चूक कोण दुरुस्त करतंय? टीचर लगेच हात घालून दट्टी योग्य खाचेत बसवत असतील, तर साहित्य मॉंटेसरीचं असेल, पण वर्ग मॉंटेसरीचा नाही.

दुसरी खूण वेळापत्रकात सापडते. या पद्धतीत मुलाला आपलं काम निवडायला आणि त्यात रमायला सलग वेळ लागतो. मूळ कल्पना सुमारे तीन तासांची आहे, आणि एकाच वर्गात ३ ते ६ वयाची मुलं एकत्र असतात. भिंतीवरच्या तक्त्यात दर अर्ध्या तासाला इंग्रजी, अंक, गाणी, चित्रकला अशा तासिका असतील, तर ती नेहमीची नर्सरी आहे. नेहमीची नर्सरी चांगलीही असू शकते. फक्त नाव आणि काम जुळतंय का, हे तुम्हाला माहीत असावं.

महागडं साहित्य नाही म्हणून नाक मुरडू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या बिया, शंख-शिंपले, खडे यांचंच साहित्य केलं. खडे लहान-मोठे लावतानाही मूल तेच शिकतं.

आता लिहिण्याबद्दल. सरस्वती पूजेला बंगाली घरांत 'हातेखोडी' होते, मूल पाटीवर पहिलं अक्षर काढतं. तो एका दिवसाचा आनंद आहे. रोज वहीत ठिपक्यांवरून पानभर गिरवणं ही वेगळी गोष्ट. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पूर्ण तयार झालेली नसतात, पेन्सिल दाबून धरताना हात लगेच दुखतो. मॉंटेसरी वर्गात आधी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटं फिरवतात, पेन्सिल नंतर येते. म्हणून नर्सरीच्या मुलांच्या वह्या बघायला मागा. पानंच्या पानं गिरवलेली असतील, तर 'खेळातून शिक्षण' फक्त कॅप्शनमध्ये आहे.

बुकिंग: मेसेजमध्ये काय लिहायचं?

'भेट हवी आहे' एवढंच लिहिलंत, तर शनिवारची गर्दीची वेळ मिळेल. त्याऐवजी हिंदीत किंवा इंग्रजीत असा मेसेज पाठवा:

'नमस्कार. आमचं मूल येत्या ३१ मार्चला ३ वर्षं २ महिन्यांचं होईल. घरी आम्ही मराठी बोलतो. शनिवारी ११ वाजता येऊ शकतो. शिवाय एखाद्या शाळेच्या दिवशी वर्ग सुरू असताना १५ मिनिटं बघायला मिळेल का? एका वर्गात मुलं किती आणि टीचर, मावशी किती? प्रवेशासाठी वय कुठल्या तारखेला मोजता?'

वयाची तारीख आधीच विचारा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पूर्वप्राथमिक ३ व्या वर्षी आणि पहिली ६ व्या वर्षी धरली आहे, पण शाळांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. त्यात एका महिन्याच्या फरकाने वर्ष जाऊ शकतं.

या टप्प्यावर जन्मदाखला किंवा आधारचा फोटो पाठवू नका. नुसत्या भेटीसाठी पैसेही भरू नका. नोंदणीची रक्कम मागितली, तर प्रवेश न घेतल्यास ती परत मिळते का, हे लेखी विचारा.

मेसेजमध्ये 'घरी मराठी' लिहायचं कारण तुम्हाला भेटीत कळेल. तिथल्या माशी, म्हणजे आपल्या मावशी, मुलांशी बहुतेक बांगला किंवा हिंदी बोलतात. आपलं मूल 'शू आली' म्हणेल आणि त्या बूट शोधतील. बांगलात लहान मुलं त्याला 'हिशू' म्हणतात. 'पाणी' समजेल, पण 'भूक' म्हणजे तिथे 'खिदे'. म्हणून टीचरना सरळ विचारा: 'आमचे पाच-सहा शब्द लिहून दिले तर माशींना सांगाल का?'

या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. 'इथे सगळं इंग्रजीतच, आठवडाभरात शिकेल' असं म्हणून विषय संपवणारी शाळा वेगळी. आणि 'द्या ना, कपाटावर चिकटवतो' म्हणणारी वेगळी.