परवानगी काढून घ्या, फोन फॉरमॅट करू नका

‘तुमच्या फोनमध्ये चार व्हायरस सापडले, ताबडतोब साफ करा.’ ‘तुमचे बँक खाते आज बंद होणार.’ अशा सूचना ब्राउझर बंद असतानाही फोनच्या पडद्यावर एकामागून एक येऊ लागल्या की माणूस घाबरतो. कोणी त्या सूचनेतला ‘क्लीनर’ उतरवून घेतो, कोणी अँटिव्हायरस विकत घेतो, तर कोणी दुरुस्तीच्या दुकानात जाऊन फोन फॉरमॅट करून आणतो. फॉरमॅटमध्ये फोटो आणि संपर्क जाण्याचा धोका असतो, शिवाय दुकानदाराचे पैसे द्यावे लागतात. बहुतेक वेळा या सूचनांमागे व्हायरस नसतोच. कुठल्याशा वेबसाइटला सूचना पाठवण्याची परवानगी दिली गेलेली असते आणि ती साइट ती परवानगी वापरत असते. परवानगी कुठे साठवलेली आहे हे ठाऊक असेल, तर ती काही मिनिटांत काढून घेता येते.

वेबसाइटने सूचना पाठवण्याची सोय क्रोममध्ये २०१५ साली आली आणि पाठोपाठ फायरफॉक्समध्येही आली. हेतू चांगला होता. बातमीची साइट उघडी नसतानाही ताजी बातमी वाचकापर्यंत पोहोचावी, ई-मेल आल्याचे लगेच कळावे, हा तो हेतू. वापरकर्त्याने Allow दाबले की दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे त्या साइटच्या नावापुढे ‘परवानगी आहे’ अशी नोंद ब्राउझर आपल्या सेटिंग्जमध्ये करतो. दुसरी म्हणजे ‘सर्व्हिस वर्कर’ नावाचा एक छोटा प्रोग्राम ती साइट ब्राउझरमध्ये ठेवते. पुढे साइटने संदेश पाठवला की तो ब्राउझर कंपनीच्या यंत्रणेमार्फत फोनवर येतो, हा प्रोग्राम जागा होतो आणि सूचना दाखवतो. त्यासाठी साइट उघडी असण्याची गरज नसते. सूचनेचा मजकूर आणि चित्र साइट स्वतः ठरवते, म्हणून ती हुबेहूब फोनच्याच इशाऱ्यासारखी रंगवता येते. मात्र तिच्यावर बारीक अक्षरांत साइटचे नाव असते, आणि खरी ओळख तीच. फोनमधले व्हायरस तपासण्याची ताकद कोणत्याही वेबसाइटला ब्राउझर देत नाही. त्यामुळे साइटच्या नावाने आलेला व्हायरसचा इशारा खोटाच समजावा.

ही परवानगी नकळत कशी दिली जाते, ते एका प्रसंगावरून पाहू. समजा, एका निवृत्त शिक्षकांना क्रिकेटचा सामना मोफत पाहायचा आहे. शोधून मिळालेल्या साइटवर ते ‘प्ले’चे बटण दाबतात. त्या बटणावर जाहिरातीचा एक अदृश्य थर पसरलेला असतो, त्यामुळे नवा टॅब उघडतो. तो टॅब क्षणात दोन-तीन पत्त्यांवरून उड्या मारत एका पानावर थांबतो. तिथे लिहिलेले असते, ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी Allow दाबा.’ वर ब्राउझरची खरी चौकट उघडते आणि गुरुजी Allow दाबतात. या परवानगीचा रोबो ओळखण्याशी काडीचाही संबंध नसतो. त्यांनी Block दाबले असते तरी ते पान सहसा एवढ्यावर थांबले नसते. ब्राउझर परवानगीची नोंद पूर्ण पत्त्यानुसार करतो, म्हणजे `a1.example.com` आणि `a2.example.com` हे त्याच्या दृष्टीने दोन वेगळे अर्जदार असतात. पहिल्याला नकार मिळताच पान दुसऱ्या पत्त्यावर उडी मारते आणि तोच प्रश्न नव्याने विचारते. कंटाळून कधीतरी होकार दिला जातो. अशा वेळी टॅब बंद करणे हाच उपाय.

दोन तासांनी सूचना सुरू होतात. गुरुजींना सामन्याच्या साइटचे नाव आठवते, पण परवानगी मिळाली आहे ती उडी मारून पोहोचलेल्या अनोळखी पत्त्याला. म्हणून सेटिंग्जमध्ये ओळखीचे नाव शोधून उपयोग नाही, अनोळखी नावे शोधावी लागतात. मुलगा फोनवरून सांगतो, ‘बाबा, हिस्ट्री आणि कॅशे साफ करा.’ ते दोन्ही साफ होते, तरी सूचना थांबत नाहीत. भेटींची यादी आणि तात्पुरत्या फायली एका जागी असतात, परवानगीची नोंद दुसऱ्या जागी असते. क्रोमच्या ‘ब्राउझिंग डेटा’ साफ करण्याच्या पडद्यावर Site settings ही स्वतंत्र चौकट आहे. ती मुद्दाम निवडल्याशिवाय परवानग्यांना हात लागत नाही.

आता खरा उपाय. अँड्रॉइड फोनवर क्रोम उघडून वरचे तीन ठिपके, मग Settings, Site settings आणि Notifications असे जावे. तिथे परवानगी असलेल्या साइटींची यादी दिसते. अनोळखी असलेले प्रत्येक नाव उघडून त्याची परवानगी बंद करावी. संगणकावर पत्त्याच्या पट्टीत हे टाइप केले की तीच यादी उघडते:

```
chrome://settings/content/notifications
```

इथे नावापुढे Remove आणि Block असे दोन पर्याय मिळतात. Remove केले तर नोंद पुसली जाते आणि ती साइट पुढच्या भेटीत पुन्हा विचारू शकते. Block केले तर नकार नोंदवला जातो. त्रास देणाऱ्या साइटसाठी दुसरा पर्याय योग्य. फायरफॉक्समध्ये हीच यादी Privacy & Security या भागात Permissions खाली सापडते.

परवानगीनंतर साइटचा डेटा काढावा. त्यात कुकीज, साइटने ठेवलेली माहिती आणि तो सर्व्हिस वर्कर येतो. क्रम इथे महत्त्वाचा आहे. संगणकावर केवळ डेटा पुसला तर सूचना थांबतात, पण परवानगी शिल्लक राहते. तोच पत्ता पुन्हा उघडला गेला तर साइट काहीही न विचारता नव्याने नोंदणी करते, आणि ‘साफ केले होते, तरी परत आले’ अशी तक्रार सुरू होते. फोनवर Site settings मधल्या All sites या यादीतून एकाच साइटचा डेटा काढता येतो. सगळ्या साइटींचा डेटा काढला तर प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागते, म्हणून सरसकट सफाई टाळावी. फोनच्या ॲप-यादीतून क्रोमचे संपूर्ण स्टोरेज पुसणे तर त्याहून जोखमीचे, कारण खात्याशी न जोडलेले बुकमार्क आणि पासवर्डही त्यात जातात.

एक अडचण लक्षात ठेवावी. फोनवर साइटचा डेटा काढताना बहुधा त्या साइटच्या परवानग्याही मूळ स्थितीला जातात, म्हणजे आधी नोंदवलेला नकारही पुसला जातो आणि साइट पुन्हा विचारायला मोकळी होते. म्हणून शेवटची पायरी म्हणून Notifications च्या पानावरचा मुख्य स्विच बंद करावा. मग कोणतीही नवी साइट विचारूच शकत नाही. मात्र हा स्विच आधी दिलेल्या परवानग्या काढून घेत नाही, यादीतली मंजूर नावे तशीच राहतात. केवळ स्विच बंद करून अनेकांची निराशा होते, ती यामुळे. यादी रिकामी करणे आणि स्विच बंद करणे, दोन्ही करावे लागते.

हे सगळे होईपर्यंत आलेली सूचना नुसती सरकवून टाकावी. तिच्यावरची ‘बंद करा’, ‘रद्द करा’ अशी बटणे साइटनेच लावलेली असू शकतात, आणि त्यांच्यामागे जाहिरातीचाच दुवा असतो.

सूचना थांबल्या, पण पाने अजूनही भलतीकडे जातात, असेही होते. तेव्हा जाहिरात नेमकी कधी येते ते पाहावे. एकाच साइटवर बटण दाबल्यावर येत असेल, तर ती त्या साइटचीच करणी. ब्राउझर स्वतःहून उघडणाऱ्या खिडक्या अडवतो, पण आपण बोट टेकवल्यावर उघडलेली खिडकी त्याला आपली इच्छा वाटते. अशी साइट सोडणेच बरे. तरीही Pop-ups and redirects या यादीत कुणाला चुकून परवानगी दिलेली नाही ना, हे तपासावे. संगणकावर कोणताही शोध घेतला तरी अनोळखी शोधयंत्र उघडत असेल, तर संशय एक्स्टेंशनवर घ्यावा आणि `chrome://extensions` उघडून अनोळखी असतील ती काढून टाकावीत. ब्राउझर बंद असताना फोनभर पसरणारी जाहिरात येत असेल, तर ती नुकत्याच उतरवलेल्या एखाद्या ॲपची असण्याची शक्यता मोठी, आणि परवानग्यांची यादी तिथे काही करू शकत नाही. सूचनेवरून गेलेल्या पानावर कार्डाचा क्रमांक, ओटीपी दिला असेल किंवा पैसे गेले असतील, तर सेटिंग्जमध्ये वेळ घालवू नये. आधी बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

हे सारे निस्तरण्याचा भार मात्र आज जवळजवळ पूर्णपणे वापरकर्त्यावर आहे, आणि ते न्याय्य नाही. मोझिलाने फायरफॉक्सच्या वापराची पाहणी केली तेव्हा सूचनांची परवानगी मागणाऱ्या विचारणांपैकी तीन टक्केसुद्धा मान्य होत नसल्याचे दिसले. त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये फायरफॉक्सने विचारणेची चौकट आपणहून उघडणे बंद केले, आणि पत्त्याच्या पट्टीत लहान चिन्ह दाखवायला सुरुवात केली. त्याच वर्षी क्रोमनेही शांत विचारणा आणली आणि फसवून परवानगी घेणाऱ्या साइटींना अडवायला सुरुवात केली. दीर्घकाळ न उघडलेल्या साइटींच्या परवानग्या आपोआप काढण्याची सोयही आता क्रोममध्ये आहे. दिशा बरोबर आहे, पण ती अपुरी आहे. एकदाच्या, फसवून घेतलेल्या होकाराला मुदत नसणे हा मूळ दोष आहे. प्रत्येक परवानगी ठरावीक काळाने आपोआप संपावी आणि माणूस स्वतः पुन्हा त्या साइटवर गेला तरच तिचे नूतनीकरण व्हावे, हा नियम सर्व ब्राउझरांनी स्वीकारायला हवा.

जबाबदारीचा एक वाटा आपल्या मराठी प्रकाशकांचाही आहे. बातमीचा पहिला परिच्छेद वाचण्याआधीच ‘सूचना पाठवू का?’ असे विचारणारी संकेतस्थळे वाचकाला न वाचता Allow दाबण्याची सवय लावतात, आणि फसवणारे त्याच सवयीवर जगतात. वाचकाने स्वतः घंटेच्या चिन्हावर बोट ठेवले तरच विचारायचे, आणि त्याच पानावर सूचना बंद करण्याचे बटण द्यायचे, एवढा बदल कोणत्याही संपादकीय कार्यालयाला आपल्या तंत्रज्ञांकडून लगेच करून घेता येईल. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.