आईच्या खात्यावर लेकाचा हात : कुठपर्यंत चालतो, कुठं थांबतो?

धाराशिव : 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडं नद्यांनी शेतं खरवडून नेली. त्यानंतर मदतीचे पैसे आले ते थेट बँक खात्यात. पीक विम्याचं तेच, पीएम किसानचं तेच, निराधारचंही तेच. आपल्याकडं सातबारा बहुतेक घरांत अजून आई-वडिलांच्याच नावावर असतो, त्यामुळं पैसा पडतो म्हाताऱ्या माणसाच्या खात्यात आणि काढायला जावं लागतं लेकाला. मग काय होतं? एटीएम कार्ड लेकाच्या खिशात, पिन त्याच्या डोक्यात, आणि घरात सगळ्यांना वाटतं की व्यवहार लागला मार्गी. खरी गडबड इथूनच सुरू होते.

असा प्रसंग किती तरी घरांत दिसतो, म्हणून एक घर डोळ्यापुढं धरू. आई 78 वर्षांची. थोरला लेक गावात शेती बघतो, धाकटा पुण्यात, लेक सासरी. आईच्या खात्यात 1 लाख 40 हजार आहेत आणि कार्ड थोरल्याकडं आहे. आईला अर्धांगवायू झाला, त्यानं दवाखान्यासाठी 60 हजार काढले. महिन्यानं आई गेली. तिसऱ्या दिवशी त्यानं दहाव्या-तेराव्यासाठी आणखी 25 हजार काढले. पुढं पासबुक भरून आणलं तेव्हा मृत्यूच्या तारखेनंतरची ती एक ओळ बहिणीच्या डोळ्यात आली. थोरल्यानं एक रुपयाही स्वतःसाठी ठेवला नव्हता, पण सांगायला हातात कागद काय? काहीच नाही.

कार्ड देणं म्हणजे अधिकार देणं नव्हे

बँकेच्या हिशेबी पिन वापरून काढलेला पैसा खातेदारानंच काढलेला असतो. उद्या कार्ड तिसऱ्याच्या हातात पडलं आणि पैसे गेले, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणं पिन स्वतः दुसऱ्याला सांगितलेल्या खातेदाराचं नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, त्याच्याच माथी बसतं. म्हणजे लेकावरचा भरवसा खरा असला तरी बँकेच्या वहीत लेक कुठंच नसतो.

वहीत यायचा सरळ रस्ता म्हणजे अधिकारपत्र. बँकेत त्याला मँडेट म्हणतात. आईनं शाखेत जाऊन बँकेच्या नमुन्यावर लिहून द्यायचं की माझ्या वतीनं हा माझा मुलगा खातं चालवील. त्याचा फोटो, आधार, पॅन आणि सहीचा नमुना सोबत लागतो. खातं आईचंच राहतं. लेक स्लिप भरून किंवा चेकवर सही करून पैसे काढतो आणि प्रत्येक वेळी त्याची सही नोंदीवर राहते. या पत्रानं सहसा खातं बंद करता येत नाही, त्यावर कर्ज उचलता येत नाही आणि वारसनोंद, म्हणजे नॉमिनी, बदलता येत नाही. महिन्याला अमुक रकमेपर्यंतच, किंवा अमुक तारखेपर्यंतच, अशी अटही घालता येते का, हे शाखेत आधी विचारा. काही ठिकाणी लिहून घेतात, काही ठिकाणी छापील नमुन्याबाहेर जात नाहीत. आईला वाटलं तर ती कधीही लेखी अर्ज देऊन हे पत्र रद्द करू शकते. त्या अर्जाची पोच मात्र घ्यावी.

बरीच मंडळी याऐवजी खातं संयुक्त करून टाकतात. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं लिहिलं की लेक पूर्ण रक्कम कधीही काढू शकतो, तिथं मर्यादा उरत नाही. 'पहिला किंवा हयात' असं लिहिलं, तर आई आहे तोवर फक्त आईच काढते आणि तिच्यामागं लेकाला मिळतं. दोन शब्दांचा फरक आहे, पण अर्थ पार उलटा. फॉर्मवर कुठं खूण होतेय ते बघूनच आईचा अंगठा घ्या.

आई अंथरुणाला खिळली तर

डोकं शाबूत आहे, पण सही येत नाही, अशा वेळी घाबरायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की हाताचा किंवा पायाचा अंगठाही चालतो. त्याला बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूणही याच पद्धतीनं घेता येते. मग पैसे कोण नेणार ते आईनं सांगायचं, त्या माणसाची ओळख दोन साक्षीदारांनी पटवायची आणि त्याची सही बँकेत द्यायची. शिवाय 70 वर्षांपुढच्यांना घरी रोकड पोचवण्यासारखी सेवा देण्याबद्दलही रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. शाखेनं नाही म्हटलं तर लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच मागा.

हात थांबतो ती दोन ठिकाणं

पहिलं ठिकाण म्हणजे आईचं भान जाणं. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 201 सांगतं की अधिकार देणारा माणूस वारला किंवा त्याची मती गेली की दिलेला अधिकार संपतो. अधिकारपत्र असो की नोटरी केलेलं मुखत्यारपत्र, दोन्हीला हे लागू आहे. म्हणजे ज्या दिवशी कागदाची सगळ्यात जास्त गरज पडते, त्याच दिवशी तो कागद निकामी होतो. बेशुद्ध आईच्या अंगठ्याला शाई लावून नवा कागद करणं तर सरळ गुन्ह्याकडं जाणारी वाट आहे. तिथून पुढं कोर्टच. कोमातल्या रुग्णासाठी घरच्या माणसाला पालक नेमल्याचे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत, पण त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं.

दुसरं ठिकाण मृत्यू. आई गेली त्या क्षणी थोरल्याचा अधिकार संपला. दहाव्याचा खर्च खरा होता, पण तो त्या कार्डानं काढायचा नव्हता. मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज देऊन नॉमिनीनं पैसे मागायचे. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नियमांत कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांची मुदत आहे.

नॉमिनीही मालक नसतो, हे अजून खूप घरांत माहीत नाही. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर 2013 मध्ये गेले. त्यांच्या गुंतवणुकीवरून घरातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. 14 डिसेंबर 2023 ला न्यायालयानं सांगितलं की शेअर आणि म्युच्युअल फंडावर नाव लागल्यानं नॉमिनी मालक होत नाही. बँक खात्याबद्दल हीच गोष्ट न्यायालय 2010 मध्ये सांगून बसलंय. नॉमिनीनं पैसे उचलायचे आणि मृत्युपत्राप्रमाणं किंवा वारसाहक्काप्रमाणं वाटायचे. लेकीचा वाटाही त्यातच आला.

म्हणून आपल्या उदाहरणातल्या थोरल्यानं काय करायला हवं होतं? आई चालती-बोलती असताना, बहीण-भावाला सांगून, शाखेत अधिकारपत्र द्यायचं. नॉमिनी कोण आहे ते पासबुकावर बघून घ्यायचं. काढलेल्या प्रत्येक रकमेपुढं एका वहीत खर्च लिहायचा, दवाखान्याची पावती त्यातच लावायची. आणि आई गेली त्या दिवशी कार्ड बाजूला ठेवून द्यायचं. एवढं केलं असतं तर बहिणीनं पासबुक उघडलं तेव्हा दाखवायला वही होती, आणि ती 25 हजारांची ओळ तिथं नसती.